साडेदहा हजार सुटले की बारा हजार बुडाले?

काका, औसा तालुक्यात आमची सातबाऱ्यावर साडेचार एकर जमीन आहे. २०२४ च्या खरिपात सोयाबीन केलं. २८ क्विंटल झालं, त्यातलं २६ विकलं आणि २ बियाण्याला ठेवलं. विक्रीचे हातात १,०४,६५० रुपये आले. १० जूनला बँकेतून ९०,००० पीककर्ज उचललं होतं, पण त्यातले ४०,००० घराच्या पत्र्यांना आणि मुलांच्या शाळेला गेले. १० मार्चला कर्ज फेडलं, व्याज ४,७१२ लागलं. खत-औषधाची २०,००० ची उधारी होती, दुकानदाराने दिवाळीत २२,००० घेतले. मामंजी म्हणतात एकरी साडेदहा हजार सुटले. हे म्हणतात बारा हजारांचा तोटा झाला, त्यापेक्षा जमीन ठोक्याने देऊ, वर्षाला एकरी १६,००० मिळतील. वही मी लिहिते, पण खरं कुणाचं ते मला सांगता येत नाही. पानांचे फोटो पाठवलेत. एकरी नफा नक्की किती?
– एक वाचक, औसा

ताई, एकरी ९,१५७ रुपये. तुमची आणि यजमानांची घरची मजुरी धरली तर ४,८५७. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही लागतात, ते का हे पुढे सांगतो.

मी बरीच वर्षं गावच्या सोसायटीत गटसचिव होतो. वसुलीच्या दिवसांत समोर बसलेला माणूस “कर्ज फेडून काही उरलं नाही” असं म्हणायचा, आणि ते खोटं नसायचं. पण ते वाक्य पिकाबद्दल काहीच सांगत नाही, ते खिशाबद्दल सांगतं. तुमच्या यजमानांनी हेच केलं आहे. १,०४,६५० आले, त्यातून ९०,००० मुद्दल, ४,७१२ व्याज आणि २२,००० दुकान एवढं गेलं. उणे १२,०६२. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, फक्त हा हिशोब सोयाबीनचा नाही, घरातल्या पैशांचा आहे.

कर्जाचं मुद्दल हा खर्च नसतो. जूनमध्ये ते हातात आलं तेव्हा आपण त्याला उत्पन्न म्हणत नाही, मग मार्चमध्ये परत देताना खर्च कसं म्हणायचं? खर्च म्हणजे त्या पैशातून शेतात जे गेलं ते: नांगरट, पेरणी, बियाणं, खुरपणी, काढणी. आणि तो पैसा वापरायला मिळाला त्याचं भाडं, म्हणजे व्याज. घरावर पडलेले पत्रे दहा-पंधरा वर्षं टिकणार आहेत, त्यांचे पैसे या एका सोयाबीनने का द्यावेत?

म्हणून यजमानांच्या आकड्यापासूनच चालत जाऊ, म्हणजे त्यांनाही वही दाखवताना पटेल. उणे १२,०६२ मध्ये घराला गेलेले ४०,००० परत मिळवा. आता अधिक २७,९३८ झाले.

पुढचा मुद्दा व्याजाचा, आणि इथे जरा थांबायला हवं. बँकेने ४,७१२ लावले ते असे: ९०,००० रुपये, ७ टक्के, १० जून ते १० मार्च असे २७३ दिवस. मुद्दलाला दराने गुणायचं, दिवसांनी गुणायचं, मग ३६५ ने आणि १०० ने भागायचं. बँकेचा आकडा बरोबर आहे. पण यातलं सोयाबीनचं किती? सोयाबीनला गेले ५०,०००. आणि तुमची हिशोबपट्टी ३१ ऑक्टोबरची आहे, म्हणजे त्या दिवशी सोयाबीनने आपले पैसे परत आणून दिले. त्यानंतर मार्चपर्यंत ते पैसे तुम्ही बँकेत भरले नाहीत, हरभऱ्याला वापरले असं पुढच्या पानावरून दिसतं. चांगलंच केलंत, पण नोव्हेंबर ते मार्चचं व्याज मग हरभऱ्याच्या पानावर जायला हवं. सोयाबीनच्या वाट्याला येतात ५०,००० वर १० जून ते ३१ ऑक्टोबरचे १४३ दिवस, म्हणजे १,३७१ रुपये. उरलेले ३,३४१ घराचे आणि हरभऱ्याचे. ते परत मिळवले की आकडा ३१,२७९ वर येतो.

खोलीत ठेवलेलं २ क्विंटल बियाणं यजमानांनी धरलेलंच नाही. ते पिकलं तर याच हंगामात. त्याची किंमत बाजारात तुम्हाला हातात पडलेल्या दराने लावा. १,०४,६५० ला २६ ने भागलं की ४,०२५ येतात, दोन क्विंटलचे ८,०५० झाले. आता ३९,३२९. पण मग उलट बाजूही तितकीच प्रामाणिकपणे लिहायची. २०२४ च्या जूनमध्ये पेरताना चार एकरांपैकी दोन एकरांत विकतच्या दोन बॅगा पडल्या आणि दोन एकरांत घरचं ६० किलो बियाणं. बॅगांचे ६,००० वहीत आहेत, घरच्या बियाण्यापुढे तुम्ही नुसती रेघ मारली आहे. ते ६० किलो जूनमध्ये विकलं असतं तर तुमच्याच वहीतल्या ४,५०० दराने २,७०० आले असते. ते खर्चात टाका. राहिले ३६,६२९.

हा तुमच्या सोयाबीनचा नफा. आता त्याला कितीने भागायचं?

मामंजींनी साडेचारने भागलं. तुमच्या दुसऱ्या पानावर कोपऱ्यात “विहीर, गोठा, बांध – २० गुंठे” असं लिहिलेलं दिसतंय. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे अर्धा एकर पेरलाच नाही. बियाणं, खत, काढणीचं गुत्तं, सगळं चार एकरांचं आहे. म्हणून भागायचं ते पेरलेल्या क्षेत्राने. ३६,६२९ भागिले ४ म्हणजे ९,१५७.

मामंजींचे साडेदहा हजार आणि हे नऊ हजार जवळजवळच दिसतात, त्यामुळे “अंदाज बरोबरच होता की” असं घरात कुणीतरी म्हणेल. तो योगायोग आहे. त्यांनी २८ क्विंटलला ४,२०० चा दर लावला, १,१७,६०० धरले, त्यातून ७०,००० खर्च काढला आणि ४७,६०० उरवले. खरा नफा त्याहून ११,००० ने कमी. पण भागताना अर्धा एकर जास्त धरल्यामुळे ती चूक झाकली गेली. पुढच्या वर्षी दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर आकडा कुठल्या कुठे जाईल.

त्यातली सगळ्यात मोठी चूक दराची आहे, म्हणून पट्टीकडे नीट पाहू. ४,२०० हा दर फोनवर सांगितलेला. पट्टीवर ४,१०० आहे, कारण मीटरने ओलावा १६ दाखवला. त्या दराने २६ क्विंटलचे १,०६,६०० होतात. खाली हमाली, तोलाई आणि चाळणीचे ६५० कापले. टेम्पोचे १,३०० तुम्ही वेगळे दिलेत. सांगितलेल्या आणि हातात पडलेल्या दरात क्विंटलमागे १७५ रुपयांचा फरक झाला, २८ क्विंटलला ४,९००. म्हणून वहीत दर लिहायचा तो पट्टीवरून, तोही सगळं कापून झाल्यावर जितके पैसे आले त्याला क्विंटलने भागून. ती पट्टी वहीच्या पानाला टाचून ठेवा, त्यावरची शाई वर्षभरात उडते, म्हणून फोटोही काढून ठेवा.

आता उधारीचं. दुकानदाराने खत-औषधावर २,००० जास्त घेतले, आणि तुम्ही ते “खत-औषध २२,०००” असं एकाच ओळीत लिहिलं आहे. नफ्याच्या आकड्यात त्याने फरक पडत नाही, मी वर पूर्ण २२,००० धरलेच आहेत. पण तशी एक ओळ लिहिली की महागडं व्याज खताच्या भावात लपतं. पहिला माल जूनअखेरीचा, हिशोब ऑक्टोबरअखेरीचा. चार महिन्यांत २०,००० वर २,००० म्हणजे महिन्याला शेकडा अडीच, वर्षाला ३० टक्के. आणि तेही सगळा माल पहिल्याच दिवशी आणला असं धरून; फवारणीचं औषध ऑगस्टमध्ये आणलंय, म्हणजे खरा दर आणखी जास्त. बँकेने सोयाबीनच्या ५०,००० वर जेवढं व्याज घेतलं, त्याहून जास्त दुकानाने २०,००० वर घेतलं. ७ टक्क्यांचे पैसे पत्र्यांना गेले आणि ३० टक्क्यांचे खताला आले, हे या हंगामातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं आहे. पत्रे पावसाआधी बसवायलाच हवे होते, ते मला समजतं. पण जूनमध्ये हातात असलेल्या पैशांतून आधी दुकानाचा रोखीचा भाव विचारायचा. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीवर १,३५० आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. त्यावर जे लागेल ते खत नाही, व्याज आहे. ते वहीत वेगळ्या ओळीत लिहा.

काढणी आणि मळणीचे २३,००० ऑक्टोबरमध्ये लागले, पण पैसे जूनमध्येच उचलून ठेवले होते. किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यातून लागेल तेव्हा लागेल तेवढं काढता येतं आणि काढलेल्या रकमेवरच त्या दिवसापासून व्याज लागतं. वाचणारी रक्कम पाचशेच्या आसपास, फार नाही. पण कपाटातले पैसे कपाटात राहत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बँकेच्या ७ टक्क्यांतले ३ टक्के परत येतात. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची ही सवलत आहे. तुमच्या कर्जावर ती २,०१९ रुपये होते. महाराष्ट्रात त्याशिवाय डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तीही मुदतीत फेडणाऱ्यालाच. तुमच्या पासबुकात दोन्हींची नोंद अजून दिसत नाही, म्हणून मी व्याज पूर्ण ७ टक्क्यांनी धरलं. खात्यात रक्कम जमा होईल त्या दिवशी तिचा वाटा याच प्रमाणात सोयाबीन, हरभरा आणि घर यांत टाका. केंद्राच्या २,०१९ पैकी सोयाबीनचे ५८८ होतील, म्हणजे एकरी १४७. जमा होण्याआधी धरू नका. आणि फेडीची शेवटची तारीख कर्जमंजुरीच्या कागदावरून वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा, ती एका दिवसाने हुकली तरी सवलत जाते.

आता दुसरा आकडा. तुमच्या हजेरीच्या खुणा मी मोजल्या: खुरपणी, फवारणीचं पाणी, मळणीच्या वेळी मिळून तुमचे २४ दिवस, यजमानांचे २०. तुमच्या गावात बाईला ३०० आणि गड्याला ५०० रोज आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्या दराने तुमचे ७,२०० आणि त्यांचे १०,०००, एकूण १७,२००. हे पैसे कुणाला दिले नाहीत, म्हणून पहिल्या आकड्यात ते नाहीत. पण हे ४४ दिवस फुकट नव्हते. ते वजा केले की १९,४२९ राहतात, एकरी ४,८५७.

हा हिशोब माझ्या मनचा नाही. हमीभाव ठरवताना केंद्राचा कृषिमूल्य आयोगही घरची मजुरी खर्चात धरतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा असा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरून त्याच्या दीडपट ४,८९२ हा हमीभाव काढला होता. तुमचा याच पद्धतीने काढू. वहीतला ७०,००० खर्च, दुकानाचे जादा २,०००, बँकेचे १,३७१, घरचं बियाणं २,७०० आणि मजुरी १७,२०० मिळून ९३,२७१. त्याला २८ ने भागलं की ३,३३१ येतात. म्हणजे तुमची शेती उधळपट्टीची नाही, खर्च आयोगाच्या सरासरीच्या जवळच आहे. मार बसला तो दरात. ४,८९२ च्या जागी तुमच्या हातात ४,०२५ पडले.

मात्र हमीभावाला विकलं असतं तर क्विंटलमागे सरळ ८६७ जास्त मिळाले असते, असं समजू नका. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते. त्या वर्षी केंद्राने ती १५ वर आणली, पण नोव्हेंबरमध्ये, तुमचा माल तेव्हा विकून झाला होता. १६ चा माल १२ पर्यंत वाळवला की वजन घटतं. २६ क्विंटलला ८४ ने गुणून ८८ ने भागलं की २४.८ क्विंटल उरतात. त्याचे ४,८९२ ने १,२१,३०० च्या आसपास झाले असते, म्हणजे पट्टीपेक्षा सुमारे १४,७०० जास्त, एकरी साडेतीन हजारांच्या वर. नोंदणी, रांग, बारदान आणि उशिरा येणारे पैसे हे सगळं त्यात आलं. ताडपत्रीवर चार दिवस वाळवायला जागा आणि ऊन असेल तर एवढ्या फरकासाठी ते करण्यासारखं आहे. दुकानाची उधारी डोक्यावर असेल तर मात्र माणूस ओलाच माल घेऊन बाजार गाठतो, आणि तुमची पट्टी पाहता तसंच झालं असावं. म्हणजे उधारीने २,००० घेतलेच, शिवाय दरही पाडला.

राहिला ठोका. वर्षाच्या १६,००० पैकी खरिपाच्या वाट्याला निम्मे, ८,००० धरू. विहिरीला पाणी टिकत असेल तर रब्बीचा वाटा जास्त धरावा लागेल. यजमान ८,००० ची तुलना तोट्याशी करत होते, म्हणून त्यांना ठोका बरा वाटला. खरी तुलना ९,१५७ शी आहे. कसून एकरी १,१५७ जास्त, चार एकरांना ४,६२८. पण त्यासाठी दोघांनी ४४ दिवस राबायचं. जमीन ठोक्याने दिली तर हे दिवस मोकळे होतात, आणि त्यांतल्या जितक्या दिवशी खरोखर रोज मिळेल तेवढेच पैसे मोजायचे, सगळ्या ४४ दिवसांचे नाही. तुमच्या एकट्या रोजाने ४,६२८ व्हायला साधारण १६ दिवस लागतात, यजमानांच्या रोजाने १० दिवसही पुरतात. गेल्या खरिपात गावात तुम्हाला आणि त्यांना दुसऱ्याच्या शेतात किती दिवस काम मिळालं असतं, हे तुम्ही दोघंच सांगू शकता. १० ते १६ दिवसांपेक्षा जास्त नक्की मिळतं असं असेल तर या दराला ठोका फायद्याचा. माल वाळवून हमीभावाला घालायचं जमणार असेल, तर मात्र कसण्याच्या बाजूला एकरी साडेतीन हजार आणखी पडतात, आणि मग सगळे ४४ दिवस बाहेर रोज मिळाला तरी ठोका परवडत नाही.

हरभऱ्याचं पानही पाठवा. सोयाबीनकडून तिकडे गेलेले व्याजाचे पैसे त्यावर अजून चढलेले नाहीत.